अर्धवट उपचार स्वस्त पडतो

आमच्या डे-केअर खोलीत गरोदर बायकांना शिरेतून लोह दिलं जातं. प्रत्येकीच्या फाइलला एक पिवळं कार्ड टाचलेलं असतं आणि त्यावर पाच चौकोन छापलेले असतात. एक डोस झाला की सिस्टर एका चौकोनात तारीख घालून सही करतात. फॉर्म्युलरी समितीसाठी टिपण लिहायला घेतलं तेव्हा मी अशा कार्डांचा एक गठ्ठा घेऊन बसलो. नाशिक शहरातल्या पंचवटी, सिडको, सातपूरच्या कार्डांवर बहुतेक वेळा चार किंवा पाच सह्या होत्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या गावाकडच्या तालुक्यांतल्या कार्डांवर दोन, कधी तीन. पुढचे चौकोन कोरे.

मी नाशिकमधल्या एका धर्मादाय रुग्णालयात फार्मसीचं काम बघतो. कुठलं नवं औषध रुग्णालयाच्या यादीत घ्यायचं आणि कुठलं काढायचं, हे आमची एक समिती ठरवते आणि तिच्यासमोर ठेवायचं टिपण मी लिहितो. या वेळचा प्रश्न साधा दिसत होता. आज आम्ही आयर्न सुक्रोज देतो. स्त्रीरोग विभागाची मागणी होती, फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज यादीत घ्या. तिकडे सगळे त्याला एफसीएम म्हणतात. मागणीसोबत कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेला चकचकीत अहवाल होता, ज्यात हे औषध ‘किफायतशीर’ असल्याचं सिद्ध केलं होतं. लेखा विभागाने त्यावर एका ओळीचा शेरा मारला होता: ‘वार्षिक बोजा साडेपाच लाख. तरतूद नाही.’

या दोन कागदांत वाद आहे असं समितीला वाटत होतं. माझं म्हणणं असं की वाद नव्हताच. दोन कागद दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. पहिला सांगत होता की या औषधावर घातलेल्या पैशातून मिळणारा फायदा त्या पैशाच्या लायकीचा आहे का. दुसरा सांगत होता की यंदाच्या गल्ल्यातून किती रुपये जादा जातील. पहिल्याला खर्च-परिणामकारकता विश्लेषण म्हणतात, दुसऱ्याला बजेटवरच्या भाराचं विश्लेषण. आपल्याकडच्या समित्यांमध्ये मी जे बघत आलोय ते असं: दुसऱ्या कागदावर ‘नाही’ ठरतं आणि पहिला कागद फाइलला शोभेसाठी लागतो. हे उलटं व्हायला हवं. औषध घ्यावं का आणि कोणासाठी, हे पहिल्याने ठरवावं. किती जणींना, कोणत्या दराने आणि किती वेगाने, हे दुसऱ्याने. असं का म्हणतो ते त्या पिवळ्या कार्डांवरूनच सांगतो. आकडे गोल केलेत आणि दर थोडे हलवलेत, कारण दरकरार चव्हाट्यावर मांडायचे नसतात. पण हिशेबाची रीत तीच आहे.

आधी औषधांविषयी थोडं. आयर्न सुक्रोज एका वेळी जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम देता येतं आणि तेही आठवड्यातून तीनदाच. एफसीएम एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत, साधारण १५ मिनिटांच्या सलाइनमधून देता येतं, फक्त वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा पाळायची. पहिल्या तिमाहीत ते टाळतात. बाईला किती लोह लागेल हे काढायचं एक जुनं सूत्र आहे: वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेसात, न्यायचं अकरापर्यंत, म्हणजे तूट साडेतीन. गुणाकार ३७८ येतो, त्यात ५०० मिळवले की ८७८ मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोजने पाच फेऱ्या, एफसीएमने एक. म्हणून कार्डावर पाच चौकोन.

आता पैसे. आयर्न सुक्रोजची १०० मिलिग्रॅमची अँप्यूल आम्हाला ४० रुपयांना पडते असं धरा. एका फेरीला दोन अँप्यूल म्हणजे ८० रुपये, आणि सलाइन, सेट, कॅन्युला मिळून आणखी ८०. एका फेरीचे १६०, पाच फेऱ्यांचे ८००. एफसीएमची ५०० मिलिग्रॅमची एक वायल ७०० रुपये. दोन वायल १४००, वर सलाइन-सेटचे ८०, एकूण १४८०. कंपनीच्या अहवालात आणि लेखा विभागाच्या पहिल्या खर्ड्यात दोघांनीही हेच केलं होतं: १४८० मधून ८०० वजा केले आणि दर बाईमागे ६८० रुपये जादा लागतील असं काढलं.

इथेच पहिली चूक आहे. ८०० रुपये हा पाचही चौकोन भरलेल्या कार्डाचा खर्च आहे. आमच्याकडची निम्मी कार्डं तशी नाहीत. गावाकडच्या बाईच्या सरासरी अडीच फेऱ्या होतात, म्हणजे तिच्यावर रुग्णालयाचे आज ४०० रुपयेच खर्च होतात. शहरातल्या बाईच्या साडेचार, म्हणजे ७२०. बजेटवरचा भार काढायचा तर आज प्रत्यक्षात काय खर्च होतं ते धरावं लागतं. नियमावलीप्रमाणे काय व्हायला हवं होतं, ते धरून चालत नाही. तसा हिशेब केला की शहरातल्या बाईमागे ७६० रुपये जादा आणि गावाकडच्या बाईमागे १०८० रुपये जादा. वर्षाला दोन्हीकडच्या तीनतीनशे धरल्या तर २ लाख २८ हजार आणि ३ लाख २४ हजार, मिळून ५ लाख ५२ हजार. लेखा विभागाने नंतर हाच सुधारलेला आकडा शेऱ्यात घातला आणि तो बरोबर होता. त्यांच्या हिशेबाला मी नाव ठेवत नाही.

पण त्या दोन आकड्यांकडे नीट बघा. जी बाई उपचार अर्धवट सोडून जाते तीच रुग्णालयाला आज स्वस्त पडते, म्हणून तिला पूर्ण उपचार द्यायला गेलं की भार जास्त दिसतो. जी बाई पाचही वेळा येते तिच्या बाबतीत जुना खर्च आधीच जास्त असल्याने भार कमी दिसतो. नुसत्या बजेटच्या कागदावर निर्णय घेतला आणि ‘थोडं द्यायचंच असेल तर जिथे भार कमी तिथे द्या’ असं ठरलं, तर नवं औषध सिडकोच्या बाईला मिळेल आणि पेठच्या बाईला मिळणार नाही. आमच्या बैठकीत हे सुचवलं गेलं, अगदी सद्हेतूने. ‘आधी शहरातल्यांपासून सुरू करू, तिथे फरक कमी आहे, पुढच्या वर्षी बघू.’

पहिल्या कागदाची गरज इथे पडते. फायदा कशात मोजायचा? आम्ही साधं माप घेतलं: बाळंतपणाच्या वेळी हिमोग्लोबिन ठरलेल्या पातळीला पोहोचलेल्या बाया किती. कार्डं आणि प्रसूतिकक्षाचं रजिस्टर जुळवून असं धरलं की शहरातल्या शंभरातल्या ६२ जणी आजच तिथे पोहोचतात, आणि एफसीएमने ७० पोहोचतील. गावाकडच्या शंभरातल्या ३० पोहोचतात, आणि एफसीएमने ६६. गावाकडचा आकडा सत्तरच्या खाली ठेवला, कारण त्या उशिरा येतात आणि हलक्या असतात. त्याकडे पुढे येतो. म्हणजे शहरात शंभर जणींमागे ७६ हजार जादा घालून आठ जणी जादा सुधारल्या, एकीमागे ९५०० रुपये. गावाकडे १ लाख ८ हजार घालून छत्तीस जणी, एकीमागे ३००० रुपये.

औषध एकच, वायल एकच, दरही एकच. पण फायद्याची किंमत तिपटीहून जास्त बदलली. आणि ज्या बाजूला बजेटचा भार जास्त होता, नेमकी तीच बाजू पैशाला जास्त मोल देणारी निघाली. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. ‘हे औषध किफायतशीर आहे का’ हा प्रश्नच अर्धा आहे. कोणासाठी, आणि आज तिला काय मिळतंय त्याच्या तुलनेत, हा उरलेला अर्धा.

कंपनीच्या अहवालात हा फरक दिसत नाही, आणि तो मुद्दाम लपवलाय असंही मी म्हणणार नाही. अशा अहवालांचा पाया परदेशातल्या चाचण्यांवर असतो. चाचणीत भाग घेतलेल्या बायकांना फोन जातात, तारखा सांगितल्या जातात, त्या येतात. जुन्या औषधाच्या गटातल्याही पाचही वेळा येतात. त्यामुळे हिमोग्लोबिनमधला फरक थोडाच निघतो, आणि मग औषध किफायतशीर ठरवायला त्यांना वाचलेल्या फेऱ्यांची, नर्सच्या तासांची, खुर्चीच्या भाड्याची किंमत युरोमध्ये लावावी लागते. औषधाचा शरीरावरचा परिणाम एका देशातून दुसऱ्या देशात बऱ्यापैकी नेता येतो. दर नेता येत नाहीत. आणि पेठहून सावळघाट ओलांडून पाच वेळा येणं-न येणं तर मुळीच नेता येत नाही. आयता अहवाल आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: जुन्या उपचारातल्या किती जणांनी तो पुरा केला असं धरलंय. ‘सर्वांनी’ असं उत्तर असेल तर तो अहवाल आमच्या डे-केअर खोलीविषयी नाही.

या अहवालांतला आणखी एक खड्डा सांगायलाच हवा. भारतात आरोग्य तंत्रज्ञानाचं मूल्यमापन करणारी एचटीएआयएन ही केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाची व्यवस्था आहे. तिच्या अभ्यासांत एका गुणवत्ता-समायोजित आयुष्यवर्षामागे, ठणठणीत तब्येतीतल्या एका वर्षामागे म्हणा, देशाच्या दरडोई उत्पन्नापर्यंत, म्हणजे आज दोन लाखांहून काहीसा जास्त, खर्च येत असेल तर उपचार किफायतशीर मानायची प्रथा आहे. बैठकीत एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘सर, आपला आकडा तीन हजार आहे आणि मर्यादा दोन लाखांची, मग चर्चा कशाला?’ प्रश्न स्वाभाविक होता, पण दोन वेगळी मापं एकमेकांवर घासून चालत नाहीत. हिमोग्लोबिन सुधारलेली एक बाई म्हणजे एक आयुष्यवर्ष नव्हे. त्या दोन लाखांशी तुलना करायची तर किती रक्तस्राव टळले, किती रक्ताच्या पिशव्या वाचल्या, किती कमी वजनाची बाळं टळली, असा लांबचा हिशेब जोडावा लागतो. सरकारी पातळीवर तो करायला हवा. आमच्यासारख्या रुग्णालयाला दोन पर्यायांत आणि दोन गटांत निवड करायला साधं माप पुरतं, फक्त त्याला राष्ट्रीय मर्यादेची टोपी घालू नये.

शिवाय ती मर्यादा रुग्णालयाच्या गल्ल्याची नसते. आमच्या गल्ल्याची खरी मर्यादा म्हणजे या पैशापायी दुसरं काय सोडावं लागेल ते.

इथे मला माझीच एक जुनी चूक आठवते. आधीच्या एका रुग्णालयात असताना, नाव घेत नाही, मी रक्त पातळ करणाऱ्या एका इंजेक्शनसाठी टिपण लिहिलं होतं. औषध महाग होतं, पण रुग्ण दोन दिवस आधी घरी जातील असा मुद्दा होता. मी वाचलेल्या दिवसांना खाटेच्या सरासरी दिवसखर्चाने गुणलं आणि वर्षाला काही लाखांची बचत दाखवली. समितीने टाळ्या वाजवून औषध यादीत घेतलं. वर्षाअखेर लेखापालांनी मला बोलावून फार्मसीचं वाढलेलं बिल समोर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, ‘बचत कुठल्या खात्यात जमा झाली?’ कुठल्याच नाही. पगार तेवढेच, वीज तेवढीच, धोबी तेवढाच. मोकळ्या झालेल्या खाटांवर दुसरे रुग्ण आले, हे चांगलंच झालं, पण त्यांचाही खर्च झालाच. सरासरी दिवसखर्चात बहुतेक वाटा न हलणाऱ्या गोष्टींचा असतो. रुग्ण एक दिवस आधी गेला तर खरोखर वाचतो तो जेवणाचा, औषधांचा, एखाद्या सेटचा पैसा.

म्हणून या वेळी मी डे-केअरच्या वाचणाऱ्या फेऱ्या टिपणात लिहिल्या, पण रुपयांत बदलल्या नाहीत. गावाकडच्या दीड आणि शहरातल्या साडेतीन, अशा सहाशे जणींच्या मिळून १५०० फेऱ्या वर्षाला कमी होतात. त्या रिकाम्या वेळात काय करणार, हे मेट्रनबाईंनी सांगावं. त्यांनी सांगितलं की दुपारची एक खुर्ची रक्त चढवायला मोकळी होईल. ती ओळ तशीच टिपणात आहे, किमतीविना. सलाइन-सेटचे पैसे मात्र खरे वाचतात, ते वर धरलेच आहेत.

आता त्या खर्चाविषयी, जो रुग्णालयाच्या कुठल्याच वहीत येत नाही. पेठ इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सुरगाणा त्याहून बराच लांब. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सोबत नवरा असेल तर त्याचं पूर्ण. दोघांची मजुरी बुडते. लावणीचे दिवस असतील किंवा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीला गेलेलं कुटुंब असेल तर मुकादमाला विचारूनच यावं लागतं. एका फेरीला ७०० रुपये धरले तर फार नाहीत. दीड फेरी वाचली की १०५० रुपये तिच्या घरात राहतात. रुग्णालयाचे जादा जातात १०८०. म्हणजे समाजाच्या बाजूने बघितलं तर जवळपास काहीच जादा खर्च न होता शंभरातल्या छत्तीस जणी सुधारतात.

‘फायदा तिचा, खर्च माझा,’ असं आमच्या लेखापालांनी म्हटलं आणि ते बरोबर आहे. तिच्या वाचलेल्या हजार रुपयांतून डिस्ट्रिब्युटरचं बिल भागत नाही. म्हणून हे दोन आकडे एका बेरजेत कधी घालू नयेत. पण म्हणून तिचा रकाना कोराही ठेवू नये. धर्मादाय रुग्णालयाने तर नाहीच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा ठेवाव्या लागतात आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. पेठच्या बाईचं एफसीएम त्याच निधीतून जाईल, सातपूरच्या कंपनीत काम करणाऱ्याची बायको कदाचित स्वतः पैसे भरेल. ‘रुग्णालयाचं बजेट’ म्हणून एकच खिसा दाखवला की हा फरक पुसला जातो. ३ लाख २४ हजारांचा भार कुठल्या खिशावर, हे टिपणात लिहिलं नाही तर विश्वस्त तो सगळाच फार्मसीच्या तोट्यात धरतात.

आणि काय सोडायचं? मी अल्ब्युमिनच्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. एक बाटली चार-पाच हजारांच्या घरात जाते आणि नुसतं रक्तातलं अल्ब्युमिन कमी आलं म्हणून ती लावायची सवय आपल्याकडे मुरलेली आहे. पोटातलं पाणी मोठ्या प्रमाणात काढल्यावर देण्यासारखी ठोस कारणं निराळी. महिन्याला सहा बाटल्या जरी आटोक्यात आल्या तरी वर्षाचे तीन लाखांच्या आसपास निघतात. त्या विभागाचे डॉक्टर माझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाहीत. चालायचंच.

मग सगळं मान्य केलं तरी बजेटच्या कागदाचं काम संपत नाही, उलट तिथूनच ते सुरू होतं. त्याला मी कमी लेखत नाही. पहिल्या कागदातल्या शंभर जणी कायम शंभरच असतात, पण दुसऱ्या कागदातल्या सहाशे जणी वाढतात. यादीत एकदा सोपं औषध आलं की हात तिकडे वळतो. हिमोग्लोबिन १०.२ असलेली, गोळ्यांवर सहज सुधारली असती अशी बाई. पाळी जास्त जाणारी. शस्त्रक्रियेआधी ‘जरा वर आणू’ म्हणून पाठवलेली. अशा पाचशे जणी वाढल्या तर त्यांच्या बाबतीत तुलना आयर्न सुक्रोजशी नाही, साठेक रुपयांच्या गोळ्यांशी आहे. एकीमागे १४२० रुपये जादा, पाचशे जणींचे ७ लाख १० हजार. मूळच्या भारापेक्षा जास्त, आणि ज्यांच्यासाठी फायद्याचा हिशेब कोणी केलाच नव्हता अशा जणींवर. ‘किफायतशीर ठरलेलं औषध बजेट फोडतं’ असं म्हणतात ते बहुतेक वेळा असं घडतं: किफायतशीर एका गटासाठी ठरलेलं असतं आणि दिलं भलत्याच गटाला जातं.

हे ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही. स्टोअरमधून महिन्यात गेलेल्या वायलना दोनने भागायचं आणि डे-केअरच्या पिवळ्या कार्डांच्या संख्येशी ताडायचं. भागाकार कार्डांपेक्षा मोठा आला की वायल दुसरीकडे चालल्यात. वायलच मोजायच्या, मिलिग्रॅम नाही. ३८ किलो वजनाची, हिमोग्लोबिन सात असलेली बाई घ्या, सुरगाण्याकडून अशा पुष्कळ येतात. सूत्राने तिला ८६५ मिलिग्रॅम लागतात, पण किलोमागे वीसच्या मर्यादेने एका बैठकीत ७६० च देता येतात. दुसऱ्या वायलमधलं उरलेलं टाकून द्यावं लागतं आणि राहिलेली तूट गोळ्यांवर सोडावी लागते किंवा तिला पुन्हा बोलवावं लागतं. ‘एकाच फेरीत काम फत्ते’ ही जाहिरात पन्नास किलोच्या बाईसाठी लिहिलेली आहे. गावाकडचा आकडा मी ६६ वर ठेवला तो यामुळेच.

दोन कागदांची ही वाटणी माझ्या डोक्यातून आलेली नाही. इंग्लंडमध्ये औषध किफायतशीर आहे का हे नाइस ही संस्था आधी ठरवते. २०१७ साली त्यांनी त्यापुढे एक दुसरी रेषा आखली: पहिल्या तीन वर्षांपैकी कुठल्याही वर्षी भार दोन कोटी पौंडांच्या वर जाणार असेल तर थांबायचं. पण थांबून ‘नको’ म्हणायचं नव्हतं. कंपनीशी दरावर बोलायचं किंवा औषध टप्प्याटप्प्याने आणायचं. तिथपर्यंत यायलाही एक धडा लागला. हिपॅटायटिस सीवरचं सोफोसबुविर अमेरिकेत २०१३ च्या अखेरीस आलं तेव्हा एका कोर्सची किंमत ८४ हजार डॉलर होती. आजार बरा होत होता, हिशेबात ते बऱ्याच जणांना किफायतशीरही वाटत होतं, आणि तरी विमा योजना हबकल्या, कारण रुग्ण लाखांनी होते. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी होती.

आमच्याकडे कंपनीशी बोलणं म्हणजे डिस्ट्रिब्युटरला चहाला बोलावणं. पण तिथेही आकडा हातात असावा लागतो. एफसीएमचं भारतातलं पेटंट २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपलं आणि त्यानंतर बऱ्याच कंपन्या उतरल्या, त्यामुळे दरात हलायला जागा आहे. समितीने शेवटी पात्रता अशी लिहिली: हिमोग्लोबिन ७ ते ९.९, आणि पुढीलपैकी एक. घर रुग्णालयापासून दोन तासांहून लांब, किंवा आठवा महिना उलटल्यावर पहिल्यांदा आलेली, किंवा आयर्न सुक्रोजची दुसरी तारीख चुकवलेली. तालुक्याचं नाव मुद्दाम घातलं नाही. पंचवटीतली बाईही उशिरा येऊ शकते आणि पेठची पाच वेळा. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’च्या सूचनांतही उशिरा सापडलेल्या आणि गोळ्या नियमित न घेणाऱ्या गरोदर बायकांसाठी शिरेतलं लोह पुढे केलेलं आहे, तेव्हा आम्ही काही नवं केलं नाही. शहरातल्या बाकीच्यांच्या साडेतीन फेऱ्या वाचल्या असत्या हे खरं; त्यांना सध्या आयर्न सुक्रोजच. ज्यांना हवं असेल आणि परवडत असेल त्यांनी पैसे भरून घ्यावं.

या नियमात गावाकडच्या तीनशे आणि शहरातल्या साठेक बसतील असा अंदाज आहे. भार ३ लाख २४ हजार अधिक ४५,६००, म्हणजे ३ लाख ६९ हजार ६००. निर्धन रुग्ण निधीतून विश्वस्तांनी तीन लाखांपर्यंत होकार दिला. उरलेले ६९,६०० तीनशे साठ जणींत वाटले तर एकीमागे १९३ येतात. प्रत्येकीच्या दोन वायल, म्हणजे वायलमागे ९७ रुपये दर खाली यायला हवा. मी ६०० मागितले.

डिस्ट्रिब्युटरने ६४० सांगितलेत, आणि ‘सर, वर्षाला हजार वायल घ्या, मग बघू’ असं. आम्हाला ७२० लागतात. हजार घेतल्या तर उरलेल्या २८० वायल कोणाला दिल्या जातील हे मला ठाऊक आहे, म्हणून मी नाही म्हटलं. नवी कार्डं मात्र छापून आलीत. त्यांवर दोनच चौकोन आहेत, दुसरा हलक्या वजनाच्या बायकांसाठी, आणि खाली पात्रतेचं कारण लिहायला एक ओळ. ती ओळ कोरी असेल तर स्टोअरमधून वायल निघणार नाही.